वेज तुटला, पण भाव कुठवर उतरणार? सांगलीतलं एक प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. माणसाचं नाव, क्रिप्टो कॉइनचं नाव आणि तारखा काढून टाकल्या आहेत, आकडे सोपे जावेत म्हणून पूर्णांकाच्या जवळ आणले आहेत. सगळे भाव डॉलरमध्ये आहेत आणि रुपयांत सांगताना डॉलरला ८५ रुपये धरले आहेत.

पार्श्वभूमी

त्याला आपण अविनाश म्हणू. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, अजून रोज सौद्याला उभे राहतात आणि अविनाश हिशेब, पट्ट्या आणि बँक बघतो. मी विश्रामबागेत कर-सल्ल्याचं काम करतो आणि बरीच वर्षं चार्ट वाचतो, म्हणून तो माझ्याकडे आला.

त्याच्याकडे एका मधल्या आकाराच्या आल्टकॉइनची, म्हणजे बिटकॉइन सोडून दुसऱ्या क्रिप्टो कॉइनची, ४,००० नाणी होती. सरासरी खरेदी ०.५० डॉलरला, म्हणजे एकूण १ लाख ७० हजार रुपये. कॉइन ०.४० वरून उठला आणि काही महिन्यांत २.०२ पर्यंत गेला. अविनाशच्या १ लाख ७० हजारांचे कागदावर ६ लाख ८७ हजार झाले होते.

तो आला तेव्हा पहिलं वाक्य असं होतं, "दादा, वर तर जातोय, पण चालायला जड झालाय असं वाटतंय." चार्ट उघडल्यावर त्याचं म्हणणं पटलं. शेवटच्या दीड महिन्यात प्रत्येक नवा उच्चांक आधीच्यापेक्षा वर होता, तरी चढाई आखडत गेली होती.

चार्टवर काय होतं

आम्ही दिवसाच्या कँडलवर, म्हणजे एका दिवसाची भावाची चाल दाखवणाऱ्या खुणेवर, काम केलं. उसळीनंतरच्या मोठ्या घसरणीचा तळ १.१० ला होता. त्या दिवसाला शून्य दिवस म्हणू. त्यानंतरचे उच्चांक असे: ८व्या दिवशी १.६८, २७व्या दिवशी १.८७, ४२व्या दिवशी २.०२. मधले तळ असे: २०व्या दिवशी १.४६, ३५व्या दिवशी १.७३.

उच्चांक जोडणारी वरची रेघ दिवसाला सुमारे एक सेंट चढत होती. तळ जोडणारी खालची रेघ १.८ सेंट चढत होती. दोन्ही रेघा वर जाताहेत, पण खालची जास्त उभी आहे आणि त्यामुळे दोघी एकमेकींकडे येताहेत, हाच रायझिंग वेज. दोन्ही रेघा समांतर असत्या तर तो चढता चॅनल झाला असता आणि मग पुढचं काहीच लागू पडलं नसतं. हे ठरवायला प्रत्येक रेघेवर निदान तीन स्पर्श लागतात असं मी मानतो. दोन बिंदूंतून कोणतीही रेघ काढता येते, तिला काही अर्थ तिसऱ्या स्पर्शाने येतो. आमच्याकडे वर तीन होते आणि खाली शून्य दिवस धरून तीन.

बाकी खुणाही जुळत होत्या. पहिल्या चढाईत जेवढा व्हॉल्यूम, म्हणजे उलाढाल, होता त्याच्या साधारण निम्मा तिसऱ्या चढाईत राहिला होता. आरएसआय, म्हणजे चालीची ताकद ० ते १०० मध्ये मोजणारा आकडा, पहिल्या उच्चांकाला ८१, दुसऱ्याला ७४, तिसऱ्याला ६६. भाव वर आणि ताकद खाली. बिटकॉइनच्या तुलनेतला याच कॉइनचा चार्ट तर महिनाभर आडवाच होता. म्हणजे डॉलरमध्ये दिसणारी बरीचशी वाढ ही बिटकॉइन वाढत होता म्हणून होती.

एक गोष्ट इथेच सांगतो. अविनाश आधी आपल्या भारतीय एक्सचेंजवरचा रुपयातला चार्ट बघत होता. तिथे या कॉइनची उलाढाल कमी, त्यामुळे रात्री-अपरात्री एखादी लांब वात, म्हणजे क्षणभर लांब जाऊन परत आलेल्या भावाची रेघ, निघते आणि रेघ तिच्यावर बसवली की सगळा आकार बिघडतो. आम्ही जास्त उलाढालीचा, डॉलरला बांधलेल्या USDT या कॉइनमधला चार्ट घेतला तेव्हाच खालचे तीन तळ एका रेघेत आले.

अडचण

वेज खाली तुटण्याची शक्यता जास्त असते, हे अविनाशला माहीत होतं. त्याचा प्रश्न पुढचा होता, आणि तो अण्णांनी घरी विचारला होता: "पडंल ते ठीक हाय, पण कुठवर पडंल ते सांग की."

याची त्याला तीन उत्तरं मिळाली होती. एका व्हिडिओत सांगितलं होतं १.५१. मित्राने सांगितलं १.१०. आणि कुणीतरी पाठवलेल्या चार्टवर टार्गेट ०.३३ असं लाल अक्षरात लिहिलं होतं. १.५१ खरं असेल तर थांबायला हरकत नव्हती. ०.३३ खरं असेल तर त्याच रात्री सगळं विकायला हवं होतं. तिन्ही आकडे एकाच वेजवरून काढलेले होते.

तीन टार्गेट कुठून आली

०.३३ आधी घेऊ, कारण ते सरळ चुकीचं होतं. ज्याने काढलं त्याने संपूर्ण उसळी मोजली: ०.४० ते २.०२, म्हणजे १.६२. ती तुटण्याच्या बिंदूतून, म्हणजे खालची रेघ जिथे तुटेल त्या १.९५ मधून, वजा केली. ध्वजाच्या, म्हणजे फ्लॅगच्या आकृतीत आधीच्या दांड्याची लांबी मोजतात, आणि तीही चाल पुढे त्याच दिशेने जाणार असेल तेव्हा. इथे दांडा वरच्या दिशेचा आणि मोजणी खालच्या दिशेची. वेजच्या टार्गेटशी आधीच्या उसळीच्या लांबीचा संबंध नाही. मोठ्या उसळीनंतरच्या कॉइनवर ही चूक नेहमी दिसते, आणि ती माणसाला उगाच घाबरवते.

१.५१ हे उंचीचं टार्गेट. वेजचा सगळ्यात रुंद भाग मोजायचा आणि खालची रेघ जिथे तुटली तिथून तेवढं वजा करायचं. ८व्या दिवशी वरची रेघ १.६८ वर होती, खालची १.२४ वर. रुंदी ०.४४. खालची रेघ ४७व्या दिवशी १.९५ ला येणार होती. १.९५ वजा ०.४४, म्हणजे १.५१.

इथे एक बारीक फट आहे. रुंदी कुठे मोजायची? काही जण अगदी शून्य दिवशी मोजतात, वरची रेघ मागे वाढवून. तिथे ती १.६० वर येते आणि तळ १.१०, म्हणजे रुंदी ०.५० आणि टार्गेट १.४५. मी पहिला उच्चांक ज्या दिवशी आला तिथे मोजतो, कारण त्याच्या आधी वरची रेघ बाजाराने दाखवलेलीच नव्हती, ती आपण मागे ओढलेली असते. पण हा माझा निवडीचा भाग आहे, आणि त्या निवडीने टार्गेट सहा सेंटांनी हलतं हे अविनाशला आधीच सांगितलं.

१.१० हे वेजच्या सुरुवातीचं टार्गेट. वेज तुटला की भाव आकृतीच्या सगळ्यात खालच्या तळापर्यंत परत जातो, असा हा नियम. पुस्तकांत हा पण मानाचा नियम आहे. अडचण एवढीच की वेज जितका उभा आणि लांब, तितकं हे टार्गेट दूर पडतं. १.९५ पासून १.१० म्हणजे जवळपास ४४ टक्के घसरण. उंचीचं टार्गेट २३ टक्क्यांचं. एकाच आकृतीची दोन टार्गेट जवळपास दुप्पट अंतरावर.

टक्के की डॉलर

मोठ्या उसळीनंतरच्या कॉइनवर अजून एक प्रश्न उभा राहतो, जो रोजच्या शेअरवर फारसा जाणवत नाही. १.२४ वरचे ४४ सेंट आणि १.९५ वरचे ४४ सेंट सारखे नाहीत. वेजच्या रुंद भागात वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंतची घसरण १.६८ वरून १.२४, म्हणजे २६ टक्के होती. तीच २६ टक्के १.९५ मधून कमी केली तर टार्गेट १.४४ येतं.

काही दिवसांत दुप्पट-चौपट होणाऱ्या वस्तूवर मी टक्क्यांच्या मोजणीला जास्त वजन देतो. खरेदीदार-विक्रेते टक्क्यांतच विचार करतात. अण्णांनाही हे लगेच पटलं, कारण क्विंटलला हजार रुपये उतरले म्हणजे किती, हे मूळ भाव कळल्याशिवाय सांगता येत नाही, असं ते म्हणाले.

चार्ट लॉगवर, म्हणजे सारखे टक्के सारख्या अंतरावर दाखवणाऱ्या मापावर, टाकला तर रेघाही बदलतात. साध्या चार्टवर सरळ दिसणारी चढती रेघ टक्क्यांच्या हिशेबात हळूहळू मंदावत असते. लॉगवर पहिला आणि शेवटचा तळ सरळ जोडला तर पुढे ती रेघ साध्या रेघेपेक्षा वर धावते. आमच्या बाबतीत ४५व्या दिवशी साधी रेघ १.९१ वर होती आणि लॉगची १.९७ वर. त्या दिवशी बंद भाव १.९६. म्हणजे लॉगवाल्यांसाठी वेज दोन दिवस आधीच तुटला होता. मधला १.४६ चा तळ मात्र लॉगच्या रेघेला टेकत नव्हता, म्हणून आम्ही साधी रेघ धरली आणि लॉगचं तुटणं इशारा म्हणून वहीत लिहून ठेवलं.

शेवटी वहीत हे उरलं: पहिला पट्टा १.५१ ते १.४४, दूरचं टार्गेट १.१०, आणि २.०२ च्या वर दिवसाचा बंद भाव आला तर सगळं रद्द.

पर्याय

पर्याय चार होते. काहीच न करणं. सगळं विकणं. थोडं विकून बाकीचं ठेवणं. आणि सगळं विकून १.५० च्या आसपास परत घेणं. फ्यूचर्समध्ये शॉर्ट करण्याचं, म्हणजे भाव पडेल यावर सौदा लावण्याचं, अविनाशच्या चुलतभावाने सुचवलं होतं, ते मी लगेच बाजूला केलं. ज्याने कधी मार्जिनवर एक सौदा केलेला नाही त्याने पहिला सौदा घसरत्या आल्टकॉइनवर करू नये.

चौथा पर्याय अविनाशला फार आवडला होता. "१.८६ ला विकतो, १.५१ ला घेतो, नाणी वाढतील की दादा." इथे कराचा हिशेब मांडावा लागला. १ एप्रिल २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, तो नंतर करात वळता होतो.

१.८६ ला विकलं, खरेदी ०.५०, नफा १.३६. त्यावर कर ०.४२. कराचे पैसे बाजूला ठेवले तर प्रत्येक नाण्यामागे हातात १.४४ उरतात. म्हणजे तितकीच नाणी परत घ्यायची तर भाव १.४४ च्या खाली यायला हवा. १.५१ ला घेतली तर नाणी कमी भरतील. नव्या नाण्यांची खरेदी किंमत वाढलेली असते, त्यामुळे पुढच्या विक्रीवर कर कमी लागतो आणि ते पैसे पूर्ण बुडत नाहीत, हे खरं आहे. पण ते तेव्हाच, जेव्हा पुढे नफ्यात विकता येईल. १.५१ ला घेऊन भाव १.१० ला गेला तर तो तोटा पहिल्या नफ्यातून वजा करता येत नाही.

पहिल्या पट्ट्याचं खालचं टोक आणि कर भरून उरणारी रक्कम, दोन्ही १.४४ वर. हा योगायोग होता, पण त्यामुळे त्याच्या डोक्यातला विक-घेचा बेत निकालात निघाला.

तुटण्याची रात्र

४६व्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास अविनाशचा फोन आला. भाव १.८८. खालची रेघ १.९३ वर होती. तो पंधरा मिनिटांच्या चार्टवर होता आणि त्याला सगळं विकायचं होतं.

मी त्याला पहाटे साडेपाचपर्यंत थांबायला सांगितलं. दिवसाची कँडल यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे सकाळी ५:३० ला. रेघा दिवसाच्या कँडलवर काढल्या असतील तर तुटणंही दिवसाच्या बंद भावावरच ठरवायचं. साडेपाचला भाव १.९५ होता, रेघेच्या वर. वात खाली गेली आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी मात्र बंद भाव १.८७ आला. रेघ १.९५ वर. चार टक्क्यांचा फरक आणि व्हॉल्यूम गेल्या वीस दिवसांच्या सरासरीच्या दुप्पट. रेघा एकमेकींना ६२-६३व्या दिवशी भेटल्या असत्या, म्हणजे वेज तीन चतुर्थांश वाटेवर तुटला. अगदी टोकापर्यंत गेलेला वेज बहुधा आडवा पसरतो, तसं इथे झालं नाही.

त्या सकाळी, यार्डात जायच्या आधी, अविनाशने २,००० नाणी १.८६ ला विकली. ३,७२० डॉलर, म्हणजे ३ लाख १६ हजार रुपये. कर धरूनही मूळ रक्कम सुटून वर पैसे उरत होते. उरलेल्यांपैकी १,००० परतीच्या उसळीत विकायची आणि १,००० ठेवायची, असं ठरलं.

परतीची उसळी

इथे आमची चूक झाली, आणि माझा वाटा त्यात मोठा आहे.

तुटल्यावर भाव तुटलेल्या रेघेला परत भेटायला येतो, असं मी सांगितलं होतं. पण वेजची खालची रेघ चढती असते. ५०व्या दिवशी ती २.०० वर पोचली होती. त्या रेघेला भेटायला भावाला जवळपास उच्चांकापर्यंत जावं लागलं असतं. भाव १.९३ ला आला, तिथे एक दिवस घुटमळला आणि वळला. अविनाश १.९९ ची विक्री लावून बसला होता.

अशा वेजमध्ये परतीची उसळी चढत्या रेघेवर मोजायची नसते. तुटण्याचा भाव, इथे १.९५, त्यातून आडवी रेघ काढायची आणि विक्री तिच्या थोडी खाली ठेवायची. १.९२ ला ठेवली असती तर झाली असती. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मी त्याला स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही.

पुढे काय झालं

५४व्या दिवशी भाव वेजच्या शेवटच्या तळाला, १.७३ ला थांबला. ५८व्या दिवशी १.५२. तिथून उसळून १.६६. अविनाशने कराचा हिशेब ऐकूनही १.५१ ला ५०० नाण्यांची खरेदी लावून ठेवली होती. एका सेंटाने ती हुकली. चुलतभाऊ म्हणत होता, टार्गेट झालं, आता १.६० ला घे. अविनाशने ऑर्डर काढून टाकली आणि परतीच्या उसळीत विकायची राहून गेलेली १,००० नाणी १.६२ ला विकली.

७२व्या दिवशी तळ १.३८ ला झाला. म्हणजे टक्क्यांच्या टार्गेटच्याही सहा सेंट खाली. त्यानंतर भाव १.४० ते १.५५ मध्ये रेंगाळला. पुढच्या चार महिन्यांत १.१० आला नाही. ०.३३ तर दूरच राहिला.

हिशेब असा. ३,००० नाणी विकून ५,३४० डॉलर, ४ लाख ५४ हजार रुपये. त्यांची खरेदी १,५०० डॉलर. कर सुमारे १ लाख २ हजार. हातात ३ लाख ५२ हजार, आणि वर १,००० नाणी अजून आहेत. तिसरी हजार नाणी १.६२ ऐवजी १.९२ ला गेली असती तर कर जाऊन आणखी साडेसतरा हजार रुपये आले असते. आडवी रेघ न धरण्याच्या चुकीची ही किंमत.

वेगळं काय करता आलं असतं

तिसरा उच्चांक २.०२ ला झाला आणि आरएसआय ६६ वर राहिला, तेव्हाच हजार नाणी विकता आली असती. वेज अजून तुटला नव्हता, पण वरच्या रेघेजवळ विकणाऱ्याला तुटण्याची वाट बघावी लागत नाही, कारण चूक ठरायची जागा अगदी जवळ असते. आम्ही तेव्हा टार्गेटच्या वादात होतो.

टार्गेट एक आकडा म्हणून न देता पट्टा म्हणून दिलं ते बरं झालं. तरी अविनाशने ऑर्डर पट्ट्याच्या वरच्या टोकालाच लावली, कारण १.५१ हा आकडा त्याने आधी ऐकला होता. पुढच्या वेळी मी आधी टक्क्यांचा आकडा सांगेन, मग डॉलरचा.

रात्री अकराला न विकणं योग्य होतं का, यावर मी अजून विचार करतो. तेव्हा १.८८ मिळाले असते, आपण १.८६ ला विकले. या वेळी थांबण्याची किंमत दोन सेंट होती. ती वात खालीच राहून सकाळी १.७० ला बंद झाली असती तर किंमत मोठी पडली असती, आणि पातळ उलाढालीच्या कॉइनवर ते होतं. म्हणून आता एक जोड नियम ठेवला आहे: रेघेच्या आठ टक्के खाली भाव गेला तर साडेपाचची वाट न बघता चौथा हिस्सा विकायचा.

अविनाशकडच्या हजार नाण्यांसाठी १.३४ च्या खाली दिवसाचा बंद भाव ही सीमा ठरली आहे. ती तुटली तर १.१० च्या टार्गेटचा विचार करावा लागेल. परवा यार्डात गेलो तेव्हा अण्णांनी तोच प्रश्न परत विचारला, या वेळी वर किती जाईल म्हणून. मी त्यांना सांगितलं की आडवा पट्टा अजून कुठल्याच बाजूला सुटलेला नाही, तो सुटला की त्याची उंची मोजून सांगतो.